टीव्हीच्या पॅनेलवरची येती-जाती रेघ : कंपनीला वॉरंटीचा मेल कसा लिहावा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लातूर-नांदेड पट्ट्यात आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर पॅनेलच्या तक्रारी घेऊन जे लोक येतात, त्यांतले बरेच जण खरं तर अजून वॉरंटीत असतात. त्यांना आम्ही टीव्ही उघडू देत नाही, आधी मेल लिहायला बसवतो. तिथं पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न इथं एकत्र केलेत. उदाहरणासाठी औसा तालुक्यातल्या एका काकांचा ४३ इंची टीव्ही घेतला आहे. खरेदी २९ ऑक्टोबर २०२४ ची, धनत्रयोदशीची. वॉरंटी एक वर्षाची, म्हणजे २८ ऑक्टोबर २०२५ पर्यंत. रेघ पहिल्यांदा दिसली ६ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे शेवटच्या महिन्यात.

फोनवर तक्रार नोंदवली आहे, नंबरही आला आहे. मग मेल कशासाठी?

फोनवर तुम्ही काय बोललात ते कंपनीकडे राहतं, तुमच्याकडे नाही. तुमच्या हातात राहतो फक्त तक्रार नंबर आणि एक मेसेज. पलीकडच्या मुलीनं "स्क्रीनवर उभी रेघ" असं टाइप केलं की नुसतं "पिक्चर प्रॉब्लेम", हे तुम्हाला कधी कळत नाही. तक्रार बंद केली तर कोणत्या शेऱ्यानं बंद केली, तेही नाही.

काकांचं नेमकं हेच झालं. ९ ऑक्टोबरला फोन केला, १३ ला दुपारी चारच्या सुमाराला टेक्निशियन आला. टीव्ही सकाळपासून चालू होता, रेघ कुठंच नव्हती. "दोष आढळला नाही" असा शेरा मारून तो निघून गेला. आता २८ तारीख उलटून रेघ कायमची बसली असती, तर कंपनीच्या नोंदीत वॉरंटीच्या काळातला दोष असा काही उरलाच नसता. मेलचं काम एवढंच : हाच टीव्ही, हाच दोष आणि अमुक तारखेला तो होता, या तीन गोष्टी लेखी पक्क्या करून ठेवणं.

दोष पॅनेलचाच आहे हे घरी कसं ओळखायचं? सेट टॉप बॉक्सचाही असू शकतो ना?

असू शकतो, म्हणूनच आधी तो बाजूला काढायचा. बॉक्सची एचडीएमआय वायर उपसा आणि टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा, तोच सेटिंग्जचा. हा मेनू टीव्ही स्वतः तयार करतो. त्यात बॉक्सचा, केबलचा, डिशचा काही संबंध नाही. रेघ मेनूवरूनही आरपार जात असेल तर दोष टीव्हीत आहे. मेनू स्वच्छ आणि फक्त चॅनेलवर चौकोन फुटतात, चित्र अडकतं, तर केबलवाल्याला बोलवा, कंपनीला नको.

टीव्हीत दोष आहे म्हणजे लगेच पॅनेल गेलं असंही नाही. चित्राचा अर्धा भागच धूसर होणं, सगळ्या पडद्यावर रेघांचं जाळं पसरणं, रंग उलटेपालटे होणं, हे पुष्कळदा पॅनेलला चित्राचा सिग्नल वाटून देणाऱ्या आतल्या टी-कॉन बोर्डामुळं असतं. आवाज येतो पण पडदा काळा, आणि अंधारात टॉर्च धरली की अंधुक चित्र दिसतं, तर पडद्यामागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, गेलेला असतो. पण वरपासून खालपर्यंत एकच सरळ, बारीक, एकाच जागी असलेली उभी रेघ आणि बाकी चित्र ठणठणीत, तेव्हा संशय सर्वांत आधी पॅनेलवर जातो. मेलमध्ये मात्र "पॅनेल खराब आहे" असा निकाल देऊ नका. जे दिसतं ते लिहा, निकाल त्यांच्या माणसाला देऊ द्या.

एखादा ठिपका काळा पडला असेल तर त्यावर वॉरंटी मिळणं अवघड. किती ठिपके मेले तर पॅनेल बदलायचं, याची मर्यादा कंपन्या स्वतःच ठरवतात आणि ती सहसा एकाहून जास्त असते.

सकाळी रेघ दिसते, माणूस आला की गायब. असं कसं होतं?

पॅनेलच्या काचेच्या कडेला पातळ, लवचिक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यांच्यावरच चिप बसवलेली असते. दुरुस्तीवाले त्यांना सीओएफ किंवा नुसतं टॅब म्हणतात. चित्राच्या उभ्या ओळींना सिग्नल या पट्ट्यांतल्या केसासारख्या बारीक तारांमधून मिळतो. काचेवरचा एखादा जोड सैल झाला की त्या ओळीला सिग्नल पोचत नाही आणि तिथं रेघ उमटते. टीव्ही तापला की सगळंच थोडं प्रसरण पावतं, सैल जोड पुन्हा टेकतो, रेघ जाते. काही टीव्हींत उलटं होतं : थंड असताना ठीक, तासाभरानं रेघ.

काकांच्या टीव्हीत सकाळी चालू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं रेघ दिसायची. म्हणून मेलमध्ये वेळ लिहिणं फार महत्त्वाचं. "कधी कधी येते" असं लिहू नका. टीव्ही रात्रभर बंद असताना, सकाळी चालू केल्यावर, किती मिनिटं, हे सगळं लिहा आणि भेटीची वेळही त्याप्रमाणे मागा.

एक सांगून ठेवतो. कडेला बोटानं दाबलं की रेघ जाते, हे बघून पुष्कळ जण दाबत बसतात. काच तडकली तर वॉरंटी तिथंच संपली.

व्हिडिओ कसा काढायचा?

एकाच फटक्यात, मध्ये न तोडता, चाळीस-पन्नास सेकंदांचा. तुकडे जोडलेला व्हिडिओ पाहिला की समोरच्याला पहिली शंका येते ती दुसऱ्याच टीव्हीची. फोन आडवा धरा आणि क्रम असा ठेवा.

सुरुवात सीरियल नंबरपासून. मागच्या पाटीवर मॉडेल आणि सीरियल नंबर असतो. टीव्ही भिंतीला ठोकलेला असेल तर मागं फोन जात नाही. मग सेटिंग्जमध्ये `About` किंवा `Support` खाली हा नंबर पडद्यावरच दिसतो. खरं तर हीच जागा जास्त चांगली, कारण नंबर आणि त्याच्यावरून गेलेली रेघ एकाच चौकटीत येतात. काकांचा व्हिडिओ असाच काढला. त्यात वाद घालायला जागा उरत नाही.

नंतर बॉक्सची वायर काढताना दाखवा आणि मेनूवर रेघ तशीच आहे ते दाखवा. मग वायर पुन्हा लावून एखादं मराठी बातम्यांचं चॅनेल लावा, कारण तिथं कोपऱ्यात वेळ असते आणि खाली त्या दिवसाच्या बातम्या पळत असतात. शेवटी टीव्ही बंद करून मोबाइलची टॉर्च काचेवर तिरकी मारा आणि चारही कडा हळूहळू फिरवून दाखवा. काचेला तडा नाही, ओरखडा नाही, पाण्याचा ओघळ नाही, हे यातून दिसतं. लोक नेमका हा शेवटचा भाग सोडतात, आणि पुढं कंपनी बोट ठेवते तेही इथंच.

बोलायचं असेल तर मोजकं : तारीख, वेळ, टीव्ही किती तास बंद होता. मागून लेकरांचा दंगा आला तरी चालतो. रागानं बोललेलं मात्र पुढं तुमच्याच विरोधात ऐकवलं जातं.

व्हिडिओत पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात, पण डोळ्यांना दिसत नाहीत. हाही दोष का?

नाही. बॅकलाइट फार वेगानं चालू-बंद होत असतो आणि मोबाइलचा कॅमेरा ते पकडतो. टीव्हीची ब्राइटनेस पूर्ण वाढवली की हे पट्टे बहुतेक कमी होतात. अगदी जवळून काढलं तर पडद्यावर जाळीसारखी नक्षीही उमटते, तीही कॅमेऱ्याचीच. दोन पावलं मागं या. हे पट्टे राहिले तर मेलमध्ये एक ओळ टाका, नाहीतर तिकडचा माणूस तुमच्या खऱ्या रेघेऐवजी त्यांच्यावरच बोलत बसतो.

व्हिडिओ जोडला की मेल जातच नाही.

जीमेलमधून जोडणीसकट २५ एमबीपर्यंतच मेल जातो. मोबाइलवर फुल एचडीत काढलेला मिनिटाचा व्हिडिओ शंभर एमबीच्या पुढं सहज जातो. मोठी फाइल जोडली तर जीमेल ती ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवतं. तिथं परवानगी `Anyone with the link` अशी करायची, नाहीतर कंपनीचा माणूस लिंक उघडतो आणि त्याच्यापुढं परवानगी मागायचा पडदा येतो. तो परवानगी मागत बसत नाही, तक्रार बाजूला ठेवतो.

काही कार्यालयांत बाहेरच्या लिंक उघडूच देत नाहीत. म्हणून पूर्ण व्हिडिओची लिंक द्या आणि त्यातलाच रेघ व नंबर दिसणारा आठ-दहा सेकंदांचा तुकडा, कमी रिझोल्यूशनचा, मेललाही जोडा. सगळ्या जोडण्या मिळून दहा एमबीच्या आत राहिल्या की मेल परत येण्याची भीती जवळपास राहत नाही.

व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला व्हिडिओ पाठवू नका. तिथं चित्र दाबलं जातं, बारीक रेघ पुसट होते, आणि फाइलमधली मूळ तारीखही जाते. दुसऱ्याच्या फोनवरून घ्यायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मूळ फाइल फोनमधून काढू नका.

पक्कं बिल नाही, दुकानदारानं एस्टिमेटवर लिहून दिलं होतं.

आपल्याकडं हे फार चालतं, दिवाळीच्या गर्दीत तर जास्तच. कच्च्या कागदावर कंपनी सहसा तक्रार घेत नाही. तिला दुकानाचा जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख आणि मॉडेल असलेलं बिल हवं असतं. सीरियल नंबरही असेल तर उत्तम. आधी दुकानात जा. माल खरंच बिलावर निघाला असेल तर त्यांच्या कॉम्प्युटरमधून दुसरी प्रत दोन मिनिटांत निघते.

हप्त्यावर घेतला असेल तर आणखी एक कागद तुमच्या बाजूनं आहे. फायनान्स कंपनीच्या कर्जाच्या कागदांत, ज्याला दुकानात डीओ म्हणतात त्यात, वस्तूचा तपशील आणि बऱ्याचदा सीरियल नंबरही असतो. फायनान्सच्या ॲपमध्ये तो सापडतो. यूपीआयची नोंद किंवा बँकेचं स्टेटमेंट सोबत जोडा, पण त्यातून पैसे दिल्याचं कळतं, टीव्ही कोणता हे कळत नाही, म्हणून ते एकटं पुरत नाही. काहीच नसेल तर बऱ्याच कंपन्या सीरियल नंबरवरून टीव्ही कधी बनला ते काढतात आणि तिथून काही महिने धरून वॉरंटी मोजतात. यात तुमचे महिने कमी होऊ शकतात.

थर्मल कागदावरचं बिल आपल्या उन्हाळ्यात वर्षभरात पांढरं पडतं. घेतल्या दिवशीच फोटो काढून ठेवा.

बिलावर सीरियल नंबर नाही, किंवा चुकीचा आहे.

दुकानदाराकडून त्याच बिलावर हातानं नंबर लिहून, सही-शिक्का घ्या. खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो असेल तर तोही जोडा. बिलावरचा एखादा आकडा तुम्ही स्वतः खोडून दुरुस्त करू नका. खरं बिलही मग खोटं दिसायला लागतं.

मेलमध्ये नेमकं लिहायचं काय?

काकांनी १७ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दिवशी पाठवलेला मेल खाली दिला आहे. कंसातल्या जागी आपला तपशील भरा.

विषय : वॉरंटीतील ४३ इंची टीव्ही – पडद्यावर उभी रेघ – तक्रार क्र. (नंबर) पुन्हा उघडावी – वॉरंटी २८ ऑक्टोबर २०२५ पर्यंत

महोदय/महोदया,

मी (नाव), मु. पो. (गाव), ता. औसा, जि. लातूर. आपल्या कंपनीचा ४३ इंची टीव्ही, मॉडेल (पूर्ण क्रमांक), सीरियल नंबर (पाटीवरचा पूर्ण क्रमांक), मी २९ ऑक्टोबर २०२४ रोजी लातूर येथील (दुकानाचे नाव) यांच्याकडून बिल क्र. (नंबर) अन्वये घेतला आहे.

६ ऑक्टोबर २०२५ पासून पडद्याच्या डाव्या बाजूला, कडेपासून सुमारे २० सेंटिमीटरवर, वरपासून खालपर्यंत एक उभी हिरवी रेघ दिसते. रात्रभर बंद असलेला टीव्ही सकाळी चालू केल्यावर पहिली १० ते १५ मिनिटे ती दिसते व नंतर जाते. सेट टॉप बॉक्स काढल्यावर आणि टीव्हीच्या स्वतःच्या मेनूवरही ती दिसते. टीव्ही पडलेला नाही, काचेला तडा नाही, त्यावर पाणी गेलेले नाही.

९ ऑक्टोबरला मी फोनवर तक्रार नोंदवली. १३ ऑक्टोबरला दुपारी ४ च्या सुमारास आपले तंत्रज्ञ आले. त्या वेळी टीव्ही सकाळपासून चालू असल्याने रेघ दिसली नाही व तक्रार बंद करण्यात आली.

माझी विनंती अशी : (१) तक्रार वॉरंटी काळातील म्हणून पुन्हा उघडावी व नवा नंबर या मेलवर कळवावा. (२) तपासणी सकाळी ८ ते ९ या वेळेत, टीव्ही रात्रभर बंद ठेवलेल्या स्थितीत करावी. (३) दोष आढळल्यास वॉरंटीनुसार विनामूल्य दुरुस्ती करावी. (४) दुरुस्ती नाकारल्यास त्याचे कारण छायाचित्रासह लेखी द्यावे.

सोबत : बिलाची प्रत, सीरियल नंबरच्या पाटीचा फोटो, दोषाचा १० सेकंदांचा व्हिडिओ, पूर्ण व्हिडिओची लिंक, १३ ऑक्टोबरच्या जॉब शीटचा फोटो.

(नाव, मोबाइल)

यात धमकी नाही, "ग्राहक न्यायालयात खेचीन" नाही, तीन वर्षांपूर्वीच्या फ्रिजची कहाणीही नाही. तारखा मात्र एकही सोडलेली नाही. जोडलेल्या फाइलींना `01_bill`, `02_serial`, `03_video` अशी नावं द्या, नुसतं `IMG_2025` नको. मेल पाठवल्यावर आपोआप येणारी पोच आली का बघा. नसेल तर स्पॅममध्ये बघा, आणि तिथंही नसेल तर पत्ता वॉरंटी कार्डावरून पुन्हा तपासा. गूगलवर वर दिसणारा "कस्टमर केअर" पत्ता किंवा नंबर घेऊ नका. त्यांत फसवणारे बरेच असतात.

काकांकडं पुढच्या आठवड्यात सकाळी आठला माणूस आला, रेघ त्याच्या डोळ्यांदेखत उमटली, त्यानं स्वतःच्या मोबाइलवर ती टिपली आणि पॅनेलची मागणी टाकली. पॅनेल आलं ते वॉरंटीची तारीख उलटल्यावर. पण तक्रार आधीची असल्यानं पैसे लागले नाहीत.

मराठीत लिहिलं तर चालेल का?

लिहा, पण मेल वाचणारा माणूस बहुधा दुसऱ्या राज्यात बसलेला असतो. मराठीखाली तोच मजकूर इंग्रजीतही चिकटवा. मॉडेल आणि सीरियल नंबर मात्र पाटीवर जसा आहे तसाच इंग्रजी अक्षरांत लिहा. शून्य आणि ओ, पाच आणि एस यांची अदलाबदल झाली की त्यांच्या सिस्टीममध्ये तुमचा टीव्ही सापडतच नाही.

"पॅनेलवर आणखी एक वर्ष" असं कार्डावर आहे. म्हणजे सगळं फुकट ना?

कार्डावरची बारीक अक्षरं वाचा. वाढीव वर्षात बऱ्याचदा फक्त पॅनेल हा भाग मोफत असतो. टेक्निशियनची भेट, मजुरी, टीव्हीची ने-आण यांचे पैसे लागू शकतात. काही ठिकाणी ही वाढ ठरावीक मुदतीत ऑनलाइन नोंदणी केली असेल तरच लागू होते. म्हणून वाढीव वर्ष असलं तरी पहिल्या वर्षातली रेघ पहिल्याच वर्षात लेखी कळवावी.

"हे फिजिकल डॅमेज आहे", "पाणी गेलंय", "व्होल्टेजमुळं झालंय" असं म्हणून नाकारलं. आता?

तिन्हींची चिन्हं वेगळी असतात. मार लागलेल्या काचेत एक केंद्र असतं. तिथून तडे फुटतात, भोवती शाई सांडल्यासारखा डाग पडतो. काच सलग आणि रेघ सरळ असेल तर मार नेमका कुठं लागला, ती जागा फोटोत दाखवायला सांगा.

पाण्याचा मुद्दा मात्र सोपा नाही, आणि कधी कधी कंपनीचं म्हणणं खरं असतं. गौरी-गणपतीच्या किंवा दिवाळीच्या साफसफाईत पडद्यावर थेट स्प्रे मारला की थेंब ओघळून खालच्या कडेत शिरतात. बहुतेक पॅनेलांत चिपच्या त्या लवचिक पट्ट्या कडेलाच असतात. तिथं गंज, हिरवट-पांढरा थर दिसला तर वॉरंटी मिळणं अवघड. पण तो थर दिसायला मागचं झाकण काढावं लागतं. झाकण न काढता कोणी "पाणी गेलंय" म्हणत असेल तर ते मान्य करू नका. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांच्या टीव्हीचा प्रश्न वेगळाच. तिथं वॉरंटी लागू होत नाही. विमा असेल तर तोच रस्ता.

व्होल्टेजचं कारण आपल्या भागात सर्रास पुढं केलं जातं, कारण इकडं वीज वर-खाली होते हे सगळ्यांनाच माहीत आहे. जादा दाबानं आधी दगावतो तो सहसा पॉवर बोर्ड, आणि मग टीव्ही चालूच होत नाही. बाकी सगळं ठीक चालतंय आणि फक्त एक रेघ आहे, तर कोणता भाग जळाला, त्याचा फोटो कुठं आहे, एवढं लेखी विचारा. अशा प्रश्नावर पुष्कळदा दुसरा, जाणता माणूस पाठवला जातो.

टेक्निशियन मोबाइलवर आलेला कोड मागतो. द्यावा का?

भेटीच्या सुरुवातीचा कोड वेगळा आणि काम संपल्याचा वेगळा. मेसेज नीट वाचा. काम पूर्ण झालं असं त्यात लिहिलं असेल आणि पॅनेल अजून आलेलं नसेल, तर देऊ नका. तो दिला की कंपनीच्या लेखी तक्रार मिटली. "माझं टार्गेट आहे, द्या ना दादा" म्हणणारा पोरगा बिचारा खोटं बोलत नसतो, पण तक्रार पुन्हा उघडण्याची कटकट तुमच्याच गळ्यात पडते.

पॅनेल बदलतात की टीव्हीच नवा देतात?

आधी पॅनेल. ते मिळत नसेल तर तशाच दुसऱ्या मॉडेलचा प्रस्ताव येतो किंवा घसारा कापून पैसे परत देऊ म्हणतात. तो प्रस्ताव लेखी घ्या आणि कापणी कोणत्या नियमानं केली ते विचारा. बदललेल्या पॅनेलला सहसा नवी वॉरंटी मिळत नाही, मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच लागू राहते.

पंधरा दिवस झाले, उत्तरच नाही.

त्याच मेलला उत्तर म्हणून आठवण पाठवा, नवा मेल सुरू करू नका, म्हणजे सगळा इतिहास एका धाग्यात राहतो. टीव्ही ऑनलाइन घेतला असेल तर विक्री करणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांनी ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. ती निकाल देत नाही, तक्रार कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत पोचवते. पुष्कळ प्रकरणं तिथंच सुटतात, कारण तिथं येणारी फाइल कॉल सेंटरच्या रांगेत राहत नाही.

तरी हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळं कंपनीचं कार्यालय मुंबईत असो की गुडगावला, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते; औशाच्या माणसाला लातूरच्या पुढं जावं लागत नाही. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावायलाच हवा असंही नाही. तिथं व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायचा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं, आणि ते ज्या फोननं व्हिडिओ काढला त्याबद्दल असतं. म्हणून प्रकरण मिटेपर्यंत तो फोन विकू नका, फॉरमॅटही करू नका.